कोटेशनला सशर्त होकार कसा कळवावा: कोण सही करू शकतो, कोणते कागद लागतात, पत्रात काय लिहावे

मशीनचे कोटेशन येते. दर पटतो, पण वाहतूक, ॲडव्हान्स किंवा चाचणीबद्दलचे म्हणणे पटत नाही. मग उत्तर जाते, "कोटेशन मान्य आहे. वाहतूक आपण केल्यास बरे होईल." लिहिणाऱ्याला वाटते, आपण अट घातली. पुरवठादार मात्र 'मान्य' हा शब्द धरतो, आणि कायद्यानेही तोच वरचढ ठरण्याची शक्यता जास्त, कारण "बरे होईल" ही विनंती आहे, अट नाही.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 प्रमाणे स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. अट घालून दिलेला होकार हा स्वीकार नसतो, तो तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव, म्हणजे प्रतिप्रस्ताव असतो. समोरच्याने तो स्वीकारल्याशिवाय करार होत नाही. म्हणून उत्तर अर्धवट होकारासारखे लिहू नये, सरळ प्रतिप्रस्ताव म्हणूनच लिहावे.

एक उदाहरण घेऊ. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला सोयाबीन आणि हरभरा साफ करून प्रतवारी करणारे, ताशी 2 टनांचे मशीन हवे आहे. 4 ऑगस्टचे कोटेशन असे: किंमत 6,40,000 रुपये, जीएसटी वेगळा, माल कारखान्यातून उचलायचा, 50 टक्के ॲडव्हान्स, दर 15 दिवस वैध. कंपनीला दर मान्य आहे. पण मशीन गावात पोचवून, बसवून मिळावे, ॲडव्हान्स 20 टक्केच द्यावा लागावा आणि शेवटचे 10 टक्के चाचणीनंतर द्यावेत, असे संचालकांचे म्हणणे आहे. शिवाय खरेदी अनुदानाच्या योजनेतून आहे आणि पूर्वसंमती अजून यायची आहे. अशा योजनांत पूर्वसंमतीआधीची खरेदी सहसा धरली जात नाही. त्यामुळे घाईत गेलेला एक 'मान्य' इथे अनुदानालाच मुकवू शकतो.

सही कोणी करायची

कंपनी, सहकारी संस्था किंवा बचत गट असेल तर ज्याच्या नावाने ठराव झाला आहे त्यानेच. ठरावात कोणते मशीन, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अटींवर, हे तिन्ही यावे. घोळ बहुधा सहीत होत नाही, मोबाईलवर होतो. कार्यालयातला मुलगा व्हॉट्सॲपवर "ओके" लिहितो किंवा अंगठा दाखवतो, आणि पुरवठादार त्याचा स्क्रीनशॉट ठेवतो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात 2023 मध्ये जवसाच्या सौद्यात असाच अंगठा न्यायालयाने शेतकऱ्याचा होकार धरला होता. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण आपल्याकडेही ई-मेल, मेसेजवर झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. तेव्हा पुरवठादाराला आधीच लेखी कळवावे: "होकार फक्त या ई-मेलवरून, अधिकृत सहीच्या पत्रानेच."

कोणते कागद लागतात

मूळ कोटेशनची क्रमांक, तारीख आणि वैधता दिसणारी प्रत, ठरावाची प्रत, आणि प्रतिप्रस्तावाच्या पत्राच्या दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर पुरवठादाराच्या सहीसाठी जागा सोडायची. अनुदानासाठी इतर दरपत्रके मागितली असतील तर तीही याच फायलीत ठेवावीत.

पत्र कसे लिहायचे

विषयात 'ऑर्डर' किंवा 'मान्यता' हे शब्द नकोत. "कोटेशन क्र. 212, दि. 4 ऑगस्ट: प्रतिप्रस्ताव" असा विषय पुरतो. पहिल्या वाक्यातच अट यावी, दराची गोष्ट नंतर. 6 ऑगस्टच्या पत्राचा मजकूर असा:

"आपले वरील कोटेशन मिळाले. खालील चारही अटी आपण लेखी मान्य केल्यासच आम्ही 6,40,000 रुपये अधिक जीएसटी या दराने खरेदी करू.

1. याच किमतीत मशीन आमच्या गोदामात पोचवून, उतरवून, बसवून द्यावे.
2. 20 टक्के म्हणजे 1,28,000 रुपये ॲडव्हान्स, 70 टक्के म्हणजे 4,48,000 रुपये मशीन बसवल्यावर, 10 टक्के म्हणजे 64,000 रुपये चाचणी यशस्वी झाल्यावर.
3. चाचणी आमच्या गोदामात, आमच्या सोयाबीनवर, सलग 2 तास, ताशी 2 टन.
4. अनुदानाची पूर्वसंमती 30 सप्टेंबरपर्यंत मिळाली तरच खरेदी होईल. न मिळाल्यास कोणाचेही देणेघेणे राहणार नाही.

हे पत्र म्हणजे आपल्या कोटेशनचा स्वीकार नाही. आपली लेखी मान्यता 14 ऑगस्ट, सायंकाळी 5 पर्यंत न आल्यास हा प्रस्ताव रद्द समजावा."

चौथी अट बाकी तिघींपेक्षा वेगळी आहे. पुरवठादाराने होकार दिला तरी ती पूर्ण व्हायची राहतेच. म्हणून तिला तारीख हवीच. ठरलेल्या मुदतीत ती घटना घडली नाही तर कलम 35 प्रमाणे करार निरर्थक होतो आणि दोघेही मोकळे होतात. तारीख नसेल तर दोघेही लटकून राहतात. चाचणीच्या अटीत वीज कोणाची आणि किती वाजता, हेही ठरवून घ्यावे. थ्री फेज रात्रीच मिळत असेल तर पुरवठादाराचा माणूस दिवसा येऊन "वीज नव्हती, चाचणी झाली समजा" म्हणून निघून जातो.

प्रतिप्रस्तावाची किंमत

प्रतिप्रस्ताव गेला की मूळ कोटेशन संपते. पुरवठादाराने "नाही" म्हटल्यावर "बरं, जुन्याच अटींवर द्या" हा तुमचा हक्क राहत नाही, 15 दिवसांची वैधता शिल्लक असली तरी. तो दर वाढवू शकतो. हे टाळायचे असेल तर आधी नुसती विचारणा करावी: "याच दरात पोच द्याल का? ही फक्त विचारणा आहे, कोटेशन आम्ही नाकारलेले नाही." उत्तर आल्यावर पत्र लिहावे.

उत्तर आल्यावर

"सर्व अटी मान्य, फक्त चाचणी आमच्या कारखान्यात होईल" असे उत्तर म्हणजे मान्यता नव्हे. तो आता त्यांचा नवा प्रस्ताव झाला. परफॉर्मा इन्व्हॉइसच्या मागे छापलेल्या अटी पुन्हा 50 टक्के ॲडव्हान्सच सांगत असतील तर तेही तसेच, म्हणून मागची बाजू वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. काहीच उत्तर न येणे हाही होकार नाही.

सगळ्यात महाग चूक पैशांची. मूळ कोटेशनमध्ये मागितलेला ॲडव्हान्स भरला की कलम 8 प्रमाणे वागण्यातूनच स्वीकार झाला असे पुरवठादार म्हणू शकतो, पत्रात काहीही लिहिलेले असो. अटींवर त्याची सही येईपर्यंत आरटीजीएस थांबवावे.

चुकून बिनशर्त होकार पोस्टाने गेलाच, तर तो पुरवठादाराला पोचण्याआधी मागे घेता येतो. लगेच फोन करून, वर ई-मेल पाठवून "पत्रातला होकार मागे घेत आहोत" असे कळवावे. ई-मेलने गेलेल्या होकाराला मात्र असा अवकाश जवळजवळ नसतो.

कधी उत्तर न देता पुरवठादार थेट गाडीच पाठवतो. माल उतरवण्याआधी त्याच्याकडून "आपल्या पत्रातील अटी 1 ते 4 मान्य" एवढा मेसेज घ्यावा, आणि चलनावर सही करताना लिहावे: "माल मिळाला. चाचणी बाकी. दि. 6 ऑगस्टच्या पत्रातील अटींनुसार." ड्रायव्हर घाई करतो. चलनाच्या आपल्या प्रतीवरही तेच लिहून त्याची सही घेतल्याशिवाय गाडी सोडू नये.