रिकाम्या पोटी मद्य आणि रक्तशर्करा (लो-कार्ब आणि फास्टिंगच्या संदर्भात)

लो-कार्ब किंवा किटो डाएट करणारे, सोळा तास उपवास आणि आठ तासांत जेवण असं १६:८ पाळणारे, आपल्याकडे दोनदाच जेवायचा दीक्षित डाएट करणारे, या सगळ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पूर्वी तीन पेग पचायचे, आता दीडमध्येच डोकं गरगरतं". यात खरं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक म्हणजे दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, हा पोटाचा मामला. दुसरी म्हणजे साखर खाली येते, हा यकृताचा मामला. दोन्हीची लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात म्हणून घोळ होतो आणि तोच घोळ जिवावर बेतू शकतो, त्यामुळे ही नोंद दोन्ही वेगळ्या ठेवून लिहिली आहे.

चढते का लवकर

दारू जठरात थोडीच शोषली जाते, बहुतेक शोषण लहान आतड्यात होतं. पोटात जेवण असलं की जठराचं खालचं दार हळूहळू उघडतं, दारू थांबून थांबून खाली जाते आणि तेवढ्या वेळात यकृत आपलं काम करत राहतं. पोट रिकामं असेल तर ती सरळ आतड्यात उतरते आणि साधारण अर्धा ते एक तासात रक्तातली पातळी शिखर गाठते. जेवणाचा आणखी एक फायदा फारसा कुणाला माहीत नसतो, तो म्हणजे जेवलेल्या माणसाचं यकृत दारू जाळतंही जरा भरभर. म्हणजे उपाशी माणसात शिखर उंच आणि उतरणही लांब. डाएटने वजन घटलं असेल तर तेवढीच दारू शरीरातल्या कमी पाण्यात मिसळते, हे तिसरं कारण. किटोमुळे मेंदूच दारूला जास्त संवेदनशील होतो असंही सांगितलं जातं, पण वरची तीन कारणं पुरेशी वाटतात, त्यासाठी वेगळं काही मानायची गरज दिसत नाही.

साखर का पडते: जुना वाद

१९४१ साली अमेरिकेत ब्राउन आणि हार्वी या डॉक्टरांनी "स्मोक" नावाची स्वस्त दारू, म्हणजे औद्योगिक स्पिरिटपासून केलेलं पेय, पिणाऱ्या लोकांत साखर अतिशय खाली गेल्याचं नोंदवलं. तेव्हा स्वाभाविकच संशय स्पिरिटमधल्या भेसळीवर गेला, काहींनी खराब यकृताला दोष दिला. पुढची वीसेक वर्षं हा प्रश्न असाच लोंबकळत राहिला. १९६३ मध्ये फ्रिंकेल आणि सहकाऱ्यांनी शुद्ध इथेनॉल देऊन तीच अवस्था घडवून दाखवली, पण माणूस आधी दोन-तीन दिवस उपाशी असला तरच ती नीट घडायची. त्याच वर्षी फील्ड आणि सहकाऱ्यांनीही यंत्रणेवर काम केलं आणि १९६९ मध्ये क्रेब्स यांच्या प्रयोगांनी यकृतातली नेमकी अडचण दाखवली. भेसळीचं मत त्यानंतर मागे पडलं आणि ते योग्यच झालं, कारण उपवास ही अट भेसळीच्या मताने समजावता येत नाही.

अडचण अशी. उपाशी असताना साखर दोन ठिकाणांहून येते, यकृतातला ग्लायकोजेनचा म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा (भरलेला असेल तर साधारण १०० ग्रॅम) आणि लॅक्टेट, अमिनो आम्लं, ग्लिसरॉल यांपासून यकृताने नव्याने बनवलेली साखर. दारू जाळताना यकृतातला एनएडी हा रेणू भराभर एनएडीएचमध्ये बदलतो. मग साखर बनण्याच्या वाटेवरचा पायरुव्हेट हा रेणू साखरेकडे जायच्या ऐवजी उलट लॅक्टेट होऊन बसतो, आणि नवी साखर बनवायची वाट अडते. साठ्यातून साखर यायची वाट मात्र मोकळी असते. म्हणून फक्त एका रात्रीच्या उपवासानंतर निरोगी माणसाने दारू घेतली तर नवी साखर बनणं बरंच घटूनही एकूण पुरवठा थोडाच कमी होतो, साठा सांभाळून घेतो. साठाच संपत आला असेल तर सांभाळायला कुणी नाही. निव्वळ उपवासात हा साठा ३६ ते ४८ तासांत जवळपास रिकामा होतो, आणि लो-कार्बवाल्याचा तो मुळातच अर्धवट भरलेला असतो, म्हणून त्याला तेवढे तास लागत नाहीत. माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे.

एक उदाहरण

७० किलोचा माणूस, आठवडाभर पोळी-भात बंद, शुक्रवारी रात्री ८ ला शेवटचं जेवण, शनिवारी फक्त ब्लॅक कॉफी आणि रात्री ८ ला मित्रांबरोबर बसला. तासाभरात ६० मिलिचे तीन पेग व्हिस्की, ४२.८ टक्के. एका पेगात साधारण २० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे एकूण ६०. रिकाम्या पोटी हे रक्तात १०० मिलिला शंभर ते सव्वाशे मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं (गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा ३० आहे). यकृत तासाला ढोबळ ७ ग्रॅम जाळतं, म्हणजे आठ-नऊ तास, पहाटे चार-पाचपर्यंत ती वाट अडलेली. मेंदूला मात्र तासाला पाचेक ग्रॅम साखर लागतेच, चरबीपासून बनणाऱ्या किटोन्सने त्यातला काही भाग भागवला तरी.

चखणा म्हणून त्याने डाएट सांभाळत पनीर टिक्का आणि उकडलेली अंडी घेतली. याने दारूचा वेग कमी होतो, ते चांगलंच, पण साखरेला मदत जवळपास नाही, कारण प्रथिनांपासून साखर करायची वाटच तर बंद आहे. कोल्ड्रिंक किंवा टॉनिकमध्ये मिसळून घेतली तर? सुरुवातीला साखर चढते, पण ओ'कीफ आणि मार्क्स यांनी १९७७ मध्ये जिन-टॉनिकवर दाखवलं की रिकाम्या पोटी साखर आणि दारू एकत्र गेली की इन्सुलिन जास्त सुटतं आणि काही तासांनी साखर उलट खाली येते. त्यामानाने दारूच्या आधी डाळ-भात किंवा भाकरी-भाजी असं नीट जेवण बरं, त्या दिवशीचा उपवास मोडला तरी.

हाच माणूस मधुमेही असून ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर हिशोब फारच बिघडतो, कारण एकीकडे औषध साखर खाली ढकलतंय आणि दुसरीकडे यकृत भर घालू शकत नाही. अशांची साखर झोपताना ठीक दिसून पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पडू शकते, त्यामुळे झोपण्यापूर्वीच्या एका आकड्यावर विसंबू नये, पहाटे एकदा आणि उठल्यावर एकदा बघावी. मधुमेहाच्याच एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्यांचा (डापाग्लिफ्लोझिन वगैरे) धोका उलट बाजूचा आहे, साखर साधारण दिसत असताना रक्तात किटोन्सचं आम्ल वाढतं, मळमळ-उलट्या, पोटदुखी आणि धाप लागते. लो-कार्ब, उपवास आणि दारू हे तिन्ही त्याला खतपाणी घालतात.

ओळखायचं कसं

जीभ जड होणं, झोक जाणं, असंबद्ध बोलणं हे दारूतही होतं आणि साखर पडल्यावरही. गार घाम, हाताला कापरं, छातीत धडधड, अचानक भूक यांनी शंका घ्यावी, पण दारूच्या ग्लानीत माणसाला ही लक्षणं स्वतःला जाणवत नाहीत, म्हणून सोबतच्याने ग्लुकोमीटर लावणं हाच खरा उपाय. १०० मिलिला ७० मिलिग्रॅमखाली म्हणजे कमी, ५४ खाली म्हणजे गंभीर. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर १५-२० ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्यावं, पंधरा मिनिटांनी परत मोजावं आणि सावरला की कार्बचं काहीतरी खायला घालावं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा आणि तिकडे "प्यायलाय" एवढंच न सांगता किती तास जेवला नव्हता आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत हेही सांगावं. कारण साखर वाढवण्यासाठी देतात ते ग्लुकागॉनचं इंजेक्शन यकृतातला साठा सोडवून काम करतं, आणि इथे साठाच नसल्याने ते फुकट जाऊ शकतं, शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं.