व्यायामाच्या दिवशी जास्त कार्ब्स, सुट्टीला कमी: खुलासा

प्रश्न : ‘व्यायामाच्या दिवशी भात-पोळी भरपूर आणि सुट्टीच्या दिवशी जवळपास बंद ठेवली, तर चरबी लवकर उतरते ना?’

नाही. आठवड्याच्या एकूण कॅलरी आणि प्रथिने सारखी असतील, तर चरबी साधारण तेवढीच उतरते.

समजा, कोणी आठवड्यातून चार दिवस तासभर वजनं उचलतो. त्या दिवशी २५० ग्रॅम आणि उरलेले तीन दिवस १२० ग्रॅम कार्ब्स घेतले, तर आठवड्याचे १,३६० ग्रॅम होतात. रोज सरसकट १९५ ग्रॅम घेतले तरी बेरीज जवळपास तीच.

मग सुट्टीनंतर काटा अर्धा-पाऊण किलो खाली का दिसतो? शरीर कार्ब्स स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, आणि साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा १५० ग्रॅमने घटला की पाण्यासकट ६०० ग्रॅम गेले. पोटभर भात खाल्ला की ते परत येतात. म्हणून रोजचा आकडा नको, आठवड्याची सरासरी पाहा.

गंमत म्हणजे, संध्याकाळी व्यायाम केला तर रिकामा झालेला साठा भरण्याचं बरंचसं काम दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकं सुट्टीच्याच दिवशी चालतं. तेव्हाच ताट रिकामं ठेवलं, तर पुढच्या सकाळी शेवटचे सेट जड जातात.

फरक खरा पडतो तो दोन-अडीच तास धावणाऱ्यांना किंवा दिवसातून दोनदा सराव करणाऱ्यांना. लांब धावेच्या आदल्या दिवशी त्यांनी भात वाढवावाच. जिममधल्या एका तासासाठी एवढा हिशेब कशाला?