रक्तवाढीची गोळी आणि बाळाचा कणा: फॉलिक ॲसिडची मागची गोष्ट

ऐरोलीत मेडिकलच्या काउंटरवर बसलं की एक गोष्ट सारखी दिसते. फॉलिक ॲसिडची चिठ्ठी घेऊन येणारी बाई बऱ्याचदा दोन-अडीच महिन्यांची गरोदर असते आणि चिठ्ठीवर पाच मिलीग्रॅम लिहिलेलं असतं. बाळाचा कणा नीट बनावा म्हणून ही गोळी देतात, म्हणजे गोळी उशिरा आणि डोस मोठा. यात त्या बाईची काही चूक नाही आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचीही तशी नाही, पण हे असं का झालं याचं मूळ बरंच मागे आहे आणि गंमत म्हणजे ते इथेच खाडीपलीकडे मुंबईत आहे.

१९२८ साली एक ब्रिटिश डॉक्टर बाई मुंबईत आल्या. कापड गिरण्यांमधल्या गरोदर बायकांना एक वेगळाच ॲनिमिया व्हायचा, तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. बाईंनी त्यांचं खाणं तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा अर्क दिला, तोच जो तिकडे पावाला लावून खातात, काळा खारट चिकट प्रकार. रक्त सुधारलं. १९३१ साली हे छापून आलं. नंतर दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला, लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम म्हणून नाव फॉलिक ॲसिड. हा भाग इथेच सोडतो, फक्त एक लक्षात ठेवा की हे औषध जन्मालाच रक्ताचं औषध म्हणून आलं. आपल्याकडे १९७० च्या ॲनिमियाच्या सरकारी कार्यक्रमात ते लोहाच्या गोळीतच घालून आलं, ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आणि ती गोळी पहिले तीन महिने झाल्यावर, उलट्या थांबल्या की सुरू करायची. रक्त वाढवायला ते बरोबरच आहे. कण्यासाठी मात्र त्याचा काही उपयोग नाही, कारण बाळाचा मेंदू आणि कणा जिच्यातून घडतो ती नळी तोवर बंद होऊन गेलेली असते.

कण्याचा संबंध खूप उशिरा कळला. साठच्या दशकात लिव्हरपूलला दोन डॉक्टरांना दिसलं की ही नळी नीट बंद न होऊन मेंदूत किंवा कण्यात व्यंग राहिलेल्या बाळांच्या आयांमध्ये फोलेटची, म्हणजे शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्याच रूपाची, गडबड जास्त सापडते. मग त्यातल्या एकाने पुढे, आधी असं बाळ झालेल्या बायकांना दिवस जायच्या आधीपासून मल्टिव्हिटॅमिन द्यायचं ठरवलं, त्यात फॉलिक ॲसिड होतं फक्त ०.३६ मिलीग्रॅम. त्यांना अर्ध्या बायकांना खोटी गोळी द्यायची होती, म्हणजे तुलना पक्की झाली असती, पण एथिक्स कमिटीने परवानगीच दिली नाही. मग ज्यांनी गोळ्या घेतल्या त्या एकीकडे आणि ज्या आधीच गरोदर होऊन आल्या किंवा ज्यांनी नको म्हटलं त्या दुसरीकडे अशी तुलना झाली. १९८० चा निकाल असा की घेतलेल्यांत १७८ पैकी एकाला परत तेच झालं, न घेतलेल्यांत २६० पैकी १३ जणींना. आकडा जबरदस्त, पण लगेच सगळे म्हणाले की आधीपासून प्लॅन करून गोळ्या घेणारी बाई तशीही वेगळीच असते, जास्त काळजी घेणारी, खाणंपिणं बरं असणारी, मग श्रेय गोळीचं कशावरून. खरं सांगायचं तर आक्षेप बरोबर होता, पण ज्यांनी पक्की तुलना करू दिली नाही त्यांच्याच लोकांनी नंतर तुलना पक्की नाही म्हणावं हे जरा अतीच.

म्हणून १९८३ पासून मोठी ट्रायल झाली, सात देशांत ३३ केंद्रं, आधी असं बाळ झालेल्या १८१७ बायका, चार गट. एकाला फक्त फॉलिक ॲसिड, एकाला फॉलिक ॲसिड आणि बाकीची व्हिटॅमिन्स, एकाला नुसती व्हिटॅमिन्स, एकाला यातलं काहीच नाही. १९९१ मध्ये ट्रायल मध्येच थांबवली कारण फरक झाकता येईना, एकूण २७ बाळांना दोष, त्यातली २१ फॉलिक ॲसिड न मिळालेल्या गटांतली आणि सहा मिळालेल्या. म्हणजे धोका साधारण ७२ टक्क्यांनी कमी. बाकीच्या व्हिटॅमिन्सनी काही विशेष केलं नाही. आपल्याकडेही १९८८ ला अशीच ट्रायल सुरू झाली होती, हा निकाल आल्यावर ती पण बंद केली. तोवर गोळा झालेल्यांत सुमारे तीन टक्के विरुद्ध सात टक्के असं दिसत होतं, म्हणजे दिशा तीच, पण बायका कमी असल्याने ठाम म्हणता येईल इतकं नाही.

आता डोसचं, कारण सगळा घोळ इथे आहे. १९९१ च्या ट्रायलमध्ये डोस होता चार मिलीग्रॅम. का चार? वेल्समधल्या आधीच्या छोट्या ट्रायलमध्ये तोच होता म्हणून, आणि निकाल नकारार्थी आलाच तर डोस कमी पडला असं कुणी म्हणू नये म्हणून. चारच लागतात, कमीत काम होत नाही असं त्यात कुणी तपासलंच नव्हतं. पुढे ब्रिटनमध्ये सल्ला द्यायची वेळ आली तेव्हा चारची गोळीच मिळत नव्हती, ॲनिमियासाठीची पाचची होती, म्हणून पाच. बस, पाच मिलीग्रॅमच्या मागे एवढंच आहे. आणि तो सल्ला फक्त आधी असं बाळ झालेल्यांसाठी होता.

पहिल्या वेळच्या बायकांसाठीचा पुरावा वेगळा आहे. १९९२ ला हंगेरीत ०.८ मिलीग्रॅम असलेलं मल्टिव्हिटॅमिन दिलं, त्या गटात सुमारे २१०० बायकांत एकही केस नाही, दुसऱ्या गटात जवळपास तेवढ्याच बायकांत सहा. त्याच वर्षी अमेरिकेने मूल होऊ शकणाऱ्या सगळ्या बायकांना रोज ४०० मायक्रोग्रॅम असा सल्ला दिला. मग १९९३ ते ९५ मध्ये चीनमध्ये तोच ४०० चा डोस, नुसतं फॉलिक ॲसिड, प्रत्यक्ष लाखो बायकांना दिला गेला. उत्तरेकडे जिथे प्रमाण हजारी ४.८ होतं तिथे गोळ्या वेळेवर घेणाऱ्यांत ते एकवर आलं, दक्षिणेत मुळात एकच होतं ते ०.६ झालं. हे नीट वाचलं तर कळतं की गोळीने सगळं शून्य होत नाही. काही केसेस फोलेटशी संबंधित नसतातच, त्या उरतात, कुठलाही डोस दिला तरी.

आपल्या सरकारी सूचनांतही दिवस जायच्या आधीपासून पहिले तीन महिने ४०० मायक्रोग्रॅमच आहे. पण दुकानात वर्षानुवर्षं हाताला लागते ती पाचची स्ट्रिप, स्वस्त, सगळीकडे मिळणारी, आणि ती ॲनिमियासाठी बनलेली आहे. पाच मिलीग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, ४०० च्या साडेबारा पट. मिली आणि मायक्रोमध्ये इतक्या लोकांचा गोंधळ होतो की चारशे हा आकडा पाचपेक्षा मोठा दिसतो म्हणून "ही जास्त पॉवरची आहे ना, पाचचीच द्या" असंही ऐकलंय. शिवाय लोहाच्या खासगी गोळीत दीड मिलीग्रॅम असतं ते वेगळंच.

मग जास्त घेतलं तर काय बिघडतं? बहुतेकींना काही महिन्यांत काही दिसत नाही, उरलेलं लघवीतून जातं. मुद्दा बी ट्वेल्व्हचा आहे. बी ट्वेल्व्ह कमी असलं की रक्त बिघडतं आणि नसाही बिघडतात. भरपूर फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं, रिपोर्ट बरा दिसतो आणि नसांचं नुकसान मागे चालू राहतं. म्हणूनच साध्या लोकांसाठी दिवसाला एक मिलीग्रॅमची वरची मर्यादा ठरली. आपल्या शाकाहारी घरांत बी ट्वेल्व्ह किती जणींचं कमी निघतं ते कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबवाल्याला विचारा. पुण्याजवळच्या गावांत मुलांचा बरीच वर्षं मागोवा घेतला गेला, २००८ ला छापलं, ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी ट्वेल्व्ह कमी त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, सगळ्यात जास्त दिसला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं नाही, पण मला तरी ते वाचल्यापासून पाचची स्ट्रिप सरसकट देताना बरं वाटत नाही. ज्यांना मोठा डोस खरंच लागतो त्या आहेतच, आधी असं बाळ झालेल्या, फिट्सच्या काही गोळ्यांवर असलेल्या, आधीपासून डायबेटिस असलेल्या, त्यांनी हे वाचून स्वतःहून कमी करू नये.

वेळेचं गणित मात्र डोसपेक्षाही जास्त चुकतं, आणि ते "महिना" या शब्दामुळे. समजा घणसोलीतल्या एकीची पाळी १ जूनला आली. डॉक्टर तिचे दिवस १ जूनपासूनच मोजणार, पण गर्भ राहिला साधारण १५ जूनला. पाळी चुकली २९ जूनला, दोन-चार दिवस वाट बघून ५ जुलैला घरी टेस्ट, दोन रेषा. मग सासूबाई म्हणणार एवढ्यात कुणाला सांगू नका, मग अपॉइंटमेंट २० जुलैची. आता बाळाच्या मेंदू-कण्याची ती नळी बंद व्हायला गर्भ राहिल्यापासून २८ दिवस लागतात, म्हणजे १३ जुलैला ती बंद झालेली. डॉक्टर "सातवा आठवडा" म्हणतात, सगळ्यांना वाटतं लवकर आलो, आणि चिठ्ठीवर फॉलिक ॲसिड येतं तेव्हा ज्यासाठी ते हवं होतं ते काम होऊन गेलेलं असतं. ५ जुलैला टेस्टबरोबरच गोळी घेतली तरी हातात आठच दिवस, आणि ४०० च्या डोसने रक्तपेशींतलं फोलेट पुरेसं चढायला आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणजे तिने एप्रिलमध्ये सुरू करायला हवी होती, पाळी नेहमीसारखी येत असताना. एप्रिलमध्ये ती काउंटरवर येऊन काय मागणार, आणि शेजारी उभ्या बायका काय म्हणणार, तोही एक प्रश्नच आहे.

म्हणूनच काही देशांनी गोळीचा नादच सोडला आणि पिठात घातलं. अमेरिकेत १९९८ पासून १०० ग्रॅम पिठात १४० मायक्रोग्रॅम, कुणी प्लॅन करो न करो. आपल्याकडेही रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ आला, प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणून आमच्या दिघ्यापर्यंत व्हिडिओ फिरले तो, त्यात फॉलिक ॲसिड आहेच. पण नियमात प्रमाण किती तर किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर पोटात १५ ते २५ मायक्रोग्रॅम. लोह मात्र त्याच किलोत २८ ते ४२.५ मिलीग्रॅम, कारण तो तांदूळ पण ॲनिमियासाठीच ठरवलेला आहे.