ईआरपीची अंमलबजावणीपूर्व तपासणी

धंद्याचे हिशेब, साठा, खरेदी-विक्री एकत्र सांभाळणारे नवे सॉफ्टवेअर (ईआरपी) चालू होण्याआधी केलेली स्वतंत्र तपासणी. जुना डेटा नीट उतरला का, कोणाला काय करता येते आणि जुने बंद करून नवे चालू करताना ताबा कोणाकडे राहतो, हे तीत पाहतात. ज्यांनी सॉफ्टवेअर बसवले त्यांनीच ती करू नये.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यासारख्या ठिकाणी खरी गोची मापाची होते. सूत किलोत येते, टॉवेल डझनात विकला जातो आणि नवे सॉफ्टवेअर नगात मोजते. समजा, एका जातीच्या टॉवेलचा साठा ३५० डझन, किंमत ४,२०,००० रुपये. भरताना ३५० हा आकडा तसाच नगांच्या रकान्यात गेला, तरी एकूण रक्कम तीच राहते आणि ताळेबंद पैशाला पैसा जुळतो. म्हणून नुसत्या बेरजा जुळल्या की सही करणारा तपासनीस इथे हमखास फसतो. खरे तर साठा ४,२०० नग आणि दर नगाला १०० रुपये हवा. सॉफ्टवेअर मात्र १,२०० दाखवते. ही चूक पकडायची तर प्रत्येक मालाचा नगाचा दर काढून, शेवटच्या विक्री बिलातल्या डझनाच्या दराला बाराने भागून येणाऱ्या दराशी ताडून पाहावा. दर बारापट दिसला की डझन-नगाचाच घोळ समजावा. शिवाय रंगाईला किंवा जॉबवर्कला दिलेले सूत गोदामात नसते, पण मालकीचे असते. ते पाठवल्याची चलने जमवून ते वेगळे भरावे लागते.

अधिकारांच्या बाबतीत कागदावरचा तक्ता पुरेसा नसतो. हिशेबनिसाच्या लॉगिनने आत जाऊन पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलून पाहावा आणि त्याच लॉगिनने पेमेंट सोडता येते का तेही पाहावे. दोन्ही जमत असेल तर कामे दोघांत विभागावीत. लहान पेढीत एकच माणूस सगळे करतो, तिथे बदललेल्या खात्यांची यादी दर आठवड्याला मालकाने स्वतः पाहावी. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांचा सर्वाधिकार असलेला लॉगिन चालू राहिला, तर या वाटणीला काही अर्थ उरत नाही.

बदलाच्या दिवशी आधी जुन्यातली नोंद थांबवतात, मग साठा मोजतात, शिल्लक उतरवतात आणि शेवटी जुने केवळ पाहण्यापुरते ठेवतात. ट्रक निघाला पण बिल झाले नाही, अशा मालाची यादी हाताने करावी लागते. जुन्या सॉफ्टवेअरकडे मागे फिरायचे की नाही, हा निर्णय पहिले बिल निघण्याआधीच घ्यावा. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर २४ तासांतच रद्द होते; त्यानंतर क्रेडिट नोटचा मार्ग उरतो. बिलांची नवी मालिकाही आधीच ठरवावी, कारण जीएसटी नियमांनुसार क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. कंपनी म्हणून नोंदलेल्या कारखान्याने आणखी एक गोष्ट पाहावी: १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे आणि तो बंद करता न येणे बंधनकारक आहे.