‘.0’ आणि ‘.255’ नेहमीच वगळायचे?

“/23 च्या IP सबनेटमध्ये दोन .0 आणि दोन .255 येतात, मग होस्ट मोजताना 512 पत्त्यांमधून चार वजा करायचे ना?”

नाही, दोनच. हा गोंधळ सतत /24 ची गणितं सोडवल्याने होतो. पत्ता राखीव आहे का, हे शेवटच्या आकड्यावर नाही, होस्ट बिटांवर ठरतं: सगळे शून्य असतील तर तो नेटवर्कचा पत्ता, सगळे एक असतील तर ब्रॉडकास्ट.

192.168.4.0/23 घ्या. मास्क 255.255.254.0, होस्ट बिटं नऊ. नेटवर्क 192.168.4.0, ब्रॉडकास्ट थेट 192.168.5.255. मधले 192.168.4.255 आणि 192.168.5.0 हे चक्क होस्टचे पत्ते. पहिल्यात उजवीकडून नववं बिट शून्य आहे, दुसऱ्यात एक. म्हणून दोन्ही सुटतात. उत्तर 510. परीक्षेत पर्यायांत 508 दिसला, तर तो सापळाच समजा. काही जुनी उपकरणं असे पत्ते नाकारतात, पण तो त्यांचा दोष.