हेलिकॉप्टरचा वेग कुठे अडतो?

छत्रपती संभाजीनगरहून लातूर हवाई अंतरानं साधारण २०० किलोमीटर. बहुतेक हेलिकॉप्टरना त्याला तासभर लागतो. दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं तरी हा वेळ निम्म्यावर येणार नाही, कारण खरी अडचण डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांची आहे.

वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणारा रोटर घेऊ. पात्याचं टोक सेकंदाला २१० मीटर वेगानं फिरतंय आणि हेलिकॉप्टर ६० मीटरनं, म्हणजे ताशी २१६ किलोमीटरनं पुढे चाललंय. उजवीकडचं पातं पुढे येतं, त्याच्या टोकाला २७० मीटरचा वारा लागतो. डावीकडचं मागे जातं, त्याला मिळतो फक्त १५०. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून त्याच कोनात उजव्या टोकाची उचल डाव्याच्या तिपटीहून जास्त. एवढ्या फरकानं यंत्र डावीकडे उलटलंच पाहिजे.

स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांच्या सुरुवातीच्या ऑटोजायरोंना, म्हणजे वाऱ्यानं आपोआप फिरणाऱ्या रोटरवर उडणाऱ्या विमानांना, याच असमतोलानं छळलं. त्यांनी पाती बुडाशी बिजागरीनं जोडली आणि जानेवारी १९२३मध्ये त्यांचं यंत्र नीट उडालं. उचल जास्त झाली की पुढे येणारं पातं वर जातं आणि त्याचा वाऱ्याशी असलेला कोन घटतो. मागे जाणारं खाली येतं, त्याचा कोन वाढतो. उचल दोन्हीकडे सारखी होते. मला ही उड्डाणशास्त्रातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

पण तिची किंमत डावं पातं मोजतं. वेग वाढेल तसा त्याचा कोन वाढवत न्यावा लागतो, आणि साधारण १४-१५ अंशांपुढे हवा पात्याच्या पाठीवरून सुटते, उचल कोसळते. हाच स्टॉल, तो टोकाकडच्या भागात सुरू होतो. रोटर जास्त जोरात फिरवावा, तर उजवं टोक ध्वनिवेगाजवळ पोचतं. १९८६मध्ये ब्रिटनच्या लिंक्स हेलिकॉप्टरनं टोकाला खास आकार दिलेल्या पात्यांवर ताशी ४००.८७ किलोमीटर गाठले. साध्या हेलिकॉप्टरची मर्यादा याच्या बरीच अलीकडे असते.

वैमानिकाला आधी जोराची थरथर जाणवते, मग नाक वर उचलतं आणि यंत्र डावीकडे कलतं. (डावीकडच्या घसरणीचा परिणाम पाव फेरा उशिरा, शेपटीकडे दिसतो, म्हणून नाक वर.) अशा वेळी दांडा पुढे ढकलून नाक दाबलं तर स्टॉल आणखी वाढतो. आधी कलेक्टिव्ह नावाचा दुसरा दांडा खाली घेऊन सगळ्या पात्यांचा कोन कमी करायचा, मग वेग उतरवायचा.

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. मे महिन्यात ४२ अंशांत तिथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा जवळपास १५ टक्के विरळ असते. तेवढंच वजन पेलायला पात्यांना मुळातच जास्त कोन लागतो, आणि स्टॉल कमी वेगालाच गाठतो. म्हणून कमाल वेगाचा आकडा कॉकपिटमधल्या तक्त्यात उंची आणि तापमानानुसार उतरत जातो. भरलेलं हेलिकॉप्टर घेऊन मे महिन्याच्या दुपारी निघालेल्या वैमानिकाला तो उतरलेला आकडाच पाळावा लागतो.