पेस्ट कंट्रोलची जाहिरात: लेकरं आणि पाळीव प्राणी असलेल्या घरांसाठी (नागपूर)

झुरळं, उधई, ढेकूण, उंदीर यांचा बंदोबस्त करणाऱ्या सर्व्हिसवाल्यांची ती छोटी जाहिरात, साधारण तीस सेकंदांची, रेडिओवर किंवा व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओत चालणारी, जिच्यात किडा नावालाच असतो आणि खरा विषय असतो घरातल्यांची भीती. औषध मारलं तर रांगणाऱ्या लेकराला काही होणार नाही ना, मांजर फरशी चाटते तिचं काय. नागपुरात अशा जाहिरातींना उन्हाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या साफसफाईआधी जोर येतो. गिऱ्हाईकही आता भाव विचारायच्या आधी हाच प्रश्न विचारते, त्यामुळे स्क्रिप्टमधली दिलासा देणारी दोन वाक्यंच सगळा धंदा ओढून आणतात आणि गडबडही नेमकी त्याच दोन वाक्यांत होते.

नेहमीची स्क्रिप्ट काहीशी अशी असते: "घरात झुरळं झाली? टेन्शन घेऊ नका! आमचं हर्बल पेस्ट कंट्रोल, शंभर टक्के सेफ, वास नाही, घर सोडायची गरज नाही, लहान मुलं, कुत्रा-मांजर सगळे घरातच!" वर एखादं हसतं बाळ फरशीवर खेळताना दाखवायचं आणि त्याच फ्रेममध्ये मागं पंप घेतलेला माणूस. हे चित्र तर शब्दांपेक्षाही वाईट, कारण बघणारा तेच शिकतो की फवारणी चालू असताना लेकरू खाली बसलं तरी चालते.

आता 'शंभर टक्के सेफ' हे बोलायला सोपं आहे, पण कीटकनाशक विकणाऱ्या कंपनीला स्वतःच्या डब्यावर असलं काही छापता येत नाही. आपल्याकडे 1968 चा कीटकनाशक कायदा आहे आणि त्याखालचे 1971 चे नियम, त्यात लेबलबद्दल स्पष्ट म्हटलंय की 'सुरक्षित', 'बिनविषारी', 'निरुपद्रवी' असे दावे लेबलवर नकोत, आणि 'सांगितल्याप्रमाणे वापरल्यास' अशी शेपटी जोडूनसुद्धा नकोत. म्हणजे जे बनवणाऱ्याला म्हणता येत नाही तेच औषध मारणारा जाहिरातीत बिनधास्त म्हणून राहिला. हा नियम लेबलपुरता आहे हे खरं, पण जाहिरातीसाठी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत अजून एक कामाची गोष्ट आहे, जाहिरातीखालची अटींची सूचना ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत पाहिजे, आणि दावा आवाजात असेल तर सूचनाही त्याच वेगात. शेवटच्या दोन सेकंदांत इंग्रजीत गडगड वाचून टाकलेली 'अटी लागू' यात बसत नाही.

'हर्बल' हा शब्द बहुतेक वेळा जेलच्या ट्रीटमेंटला लावतात. जेलला वास नसतो, भांडी काढावी लागत नाहीत, म्हणून लोकांना ते पटतेही. पण बाजारात सर्रास चालणाऱ्या झुरळांच्या जेलमध्ये इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के किंवा फिप्रोनिल 0.05 टक्के असतं आणि ही दोन्ही कारखान्यात बनलेली कीटकनाशकं आहेत, कडुनिंबाशी त्यांचा काही संबंध नाही. वास नसणं हेही सुरक्षिततेचं लक्षण नाही. फवारणीच्या औषधाला जो घाण वास येतो तो बरेचदा औषध ज्या पेट्रोलियम द्रावकात विरघळवलेलं असतं त्याचा, पाण्यात मिसळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात तेच औषध कमी वासात मिळते.

जेल खरंच कमी धोक्याचं आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि तेच सांगायला पाहिजे. सिरिंजसारख्या नळीतून मुगाच्या दाण्याएवढा ठिपका काढतात, तो कपाटाच्या बिजागरीत, सिंकच्या खाली, फ्रिजच्या मोटरच्या बाजूला, ओट्याच्या फटीत लावतात. झुरळ ते खाऊन आपल्या जागी जाऊन मरते आणि त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खाऊन बाकीचेही काही मरतात. हिशोब करून पाहा: 0.1 ग्रॅमच्या एका ठिपक्यात इमिडाक्लोप्रिड साधारण 2 मिलिग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याने एखादा ठिपका चाटला तर किलोमागं 0.2 मिलिग्रॅम, उंदरांवरच्या चाचणीत तोंडावाटे निम्मे उंदीर मारणारा डोस किलोमागं काहीशे मिलिग्रॅमच्या घरात आहे. पण त्याच कुत्र्याने टेक्निशियन विसरून गेलेली 30 ग्रॅमची अख्खी नळी चावून खाल्ली तर पोटात जवळजवळ 645 मिलिग्रॅम जाईल, आणि मग ते सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं प्रकरण आहे. म्हणजे दिलासा औषधाच्या नावात नसून किती लावलं, कुठं लावलं आणि उरलेली नळी कोण घेऊन गेलं यात आहे. ओट्यावर उघड्यावर, हात पोचेल तिथं ठिपके दिसले तर काम घाईत केलंय हे समजून घ्यायचं. आणि जेल लावल्यावर त्याच जागी घरचा स्प्रे मारायचा नाही, नाहीतर झुरळ त्या ठिपक्याकडे फिरकत नाही आणि मग लोक म्हणतात जेलमध्ये दम नाही.

बाथरूम, नाली, गॅलरी इथं मात्र फवारणी येतेच, साधारणपणे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या घराण्यातली औषधं, आणि इथं जाहिरातीतलं 'सगळे घरातच' पूर्ण फसते. ओली फरशी हा खरा धोका असतो. रांगणारं लेकरू तळहात आणि गुडघे त्याच ओल्या भागावर टेकवते आणि सारखा हात तोंडात घालते, शिवाय वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते. म्हणून फवारा पूर्ण सुकेपर्यंत आणि खोली हवेशीर होईपर्यंत, लेबलवर दिला असेल तेवढा वेळ, लेकराला शेजारी किंवा आजीकडे ठेवायचं. सुकल्यावर वास बराचसा गेला आणि फरशीवर ओली चमक नाही, ही साधी खूण. खेळणी, दुधाच्या बाटल्या, जेवणाची भांडी आधीच उचलून ठेवायची, हे जाहिरातीत एका वाक्यात बसते.

मांजर आणि मासे यांचा हिशोब कुत्र्यापेक्षा वेगळा असतो. मांजराच्या यकृताला या घराण्यातली औषधं, विशेषतः परमेथ्रिन, फोडून बाहेर टाकायला जमत नाही, आणि वरून ती अंग चाटत राहते, म्हणून तिच्या पायाला लागलेलं सगळं पोटात जाते. लाळ गळणं, अंग थरथरणं, कान उडणं ही लक्षणं दिसली तर थांबून पाहायचं नाही. माशांसाठी तर अगदी थोडं औषधही जहाल असते, आणि ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्यांना ही गोष्ट क्वचितच कोणी सांगते की टँक नुसता झाकून उपयोग नाही, बुडबुड्यांची मोटर बाहेरची हवा ओढून पाण्यात सोडते. शक्य असेल तर टँक दुसऱ्या खोलीत, नाहीतर झाकून मोटर तेवढा वेळ बंद. पिंजऱ्यातले पोपट-लव्हबर्ड्स बाहेर न्यायचे. 'पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित' या एका वाक्यात कुत्रा, मांजर आणि मासा तिघांना कोंबणारी स्क्रिप्ट म्हणूनच कच्ची समजायची.

आता नागपूरची खास गोष्ट म्हणजे कूलर. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या आसपास जातो, दुपारी खिडक्या-दारं बंद आणि डेझर्ट कूलर घरघरत असतो. कूलर बाहेरची हवा ओढून आत सोडतो. त्यामुळे गॅलरीत कूलरच्या मागं फवारलं आणि तो चालू राहिला तर तो फवारा सरळ झोपलेल्या लेकराच्या अंगावर. म्हणून आधी कूलर बंद, टाकीवर झाकण, मग फवारणी. पण तोच कूलर नंतर कामाला येतो, बाहेरचा फवारा सुकल्यावर खिडक्या उघडून तो चालवला तर घरातली हवा लवकर पालटते, एसीवाल्या घरात तेवढी पालटत नाही. मनीषनगर-बेसाच्या फ्लॅटमध्ये मागं मोकळी गॅलरी असते, महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यात कूलर गल्लीकडे तोंड करून असतो आणि शेजाऱ्याची फवारणीही तो आत ओढू शकतो, तर शेजारच्यांना सांगून काम करणारा माणूस बरा.

वरच्या स्क्रिप्टची दुरुस्त आवृत्ती अशी होऊ शकते, तीस सेकंदांत बसेल एवढी:

ताई: भाऊ, माह्यं लेकरू रांगते, हाती लागन ते तोंडात घालते. झुरळाचं औषध लावायचं कसं?
माणूस: ताई, स्वयंपाकघरात स्प्रे नाही, फक्त जेल. बिजागरीत, फ्रिजमागं, लेकराचा हात पोचत नाही तिथंच.
ताई: अन् बाथरूममध्ये?
माणूस: तिथं फवारतो. फरशी सुकेपर्यंत लेकरू अन् मांजर बाहेर, कूलर बंद, फिशटँक असन तर आधीच सांगा.
निवेदक: औषधाचं नाव आणि लेबलचा फोटो आदल्या दिवशी तुमच्या व्हॉट्सअॅपवर. लायसन्स नंबर बिलावर.

यात 'सुरक्षित' एकदाही नाही, तरी ऐकणाऱ्या बाईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळते. लेबलच्या फोटोचा फायदा असा की त्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा सगळ्यात सौम्य, मराठी न वाचणाऱ्यालाही कळेल असा. जो माणूस पाण्याच्या बाटलीत ओतून आणलेलं बिनालेबलचं औषध घेऊन येतो त्याला दारातूनच परत पाठवायचं, कारण काही झालं तर डॉक्टरला दाखवायला हातात काहीच नसते.

उधई आणि उंदरांसाठी ही स्क्रिप्ट चालत नाही. उधईला भिंतीच्या कडेने भोकं पाडून जमिनीत औषध सोडतात, तिथं लेकरांपेक्षा जवळच्या विहिरीची चौकशी आधी करावी लागते. उंदरांच्या ब्रोमाडिओलोन वडीचा परिणाम लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त यायला लागते, म्हणून कुत्र्याने वडी खाल्ली आणि उड्या मारून राहिला तरी त्याच दिवशी न्यायचा असतो. व्हिटॅमिन के-1 हा त्यावर उतारा आहे, पण पाकीट सोबत असेल तर डॉक्टरला ते लगेच ठरवता येते. कुलूपबंद डब्यातच वडी ठेवू, आणि काम झाल्यावर डबे मोजून परत नेऊ, एवढं उंदरांच्या जाहिरातीत आलं तरी पुरते.